गळा, खांदा आणि बाकी सगळं सैल

आपल्याकडे घरातले कपडे सहसा विकत घेतले जात नाहीत, ते वरून खाली उतरत येतात. ऑफिसचा कुर्ता विटला, की "आता घरात घालायला होईल." टी-शर्टचा गळा ओघळला, की तो घरात. लग्नात मिळालेला, बाहेर कधी घालावासा न वाटलेला ड्रेसही शेवटी घरातच. या बढती-बदलीच्या नियमात एक मोठी अडचण आहे. बाहेर घालायचे कपडे बाहेरच्या मापाने बेतलेले असतात: छातीला बेताचे, बाहीला घट्ट, कमरेला आवळलेले. तसे कपडे घालून जमिनीवर बसून भाजी निवडता येत नाही की माळ्यावरचा डबा काढता येत नाही. आणि ते घरात उतरतात तेव्हा नेमक्या ज्या जागा लोकांच्या नजरेत भरतात, त्याच झिजलेल्या असतात. म्हणजे सुख मिळत नाही आणि दिसायलाही बरं दिसत नाही.

दुसरा मार्ग गाऊनचा. तो सुखाचा खरा, पण दाराची बेल वाजली की खुंटीवरची ओढणी शोधायला धावावं लागतं. पुरुषांचं बनियन आणि बर्मुडा याच जातीचं. एरवी हे चालून जात होतं, कारण येणारा माणूस आधी कळवायचा किंवा निदान जिना चढेपर्यंतचा वेळ तरी मिळायचा. मार्च २०२०च्या टाळेबंदीनंतर व्हिडिओ कॉल घरात शिरला आणि पुन्हा बाहेर गेला नाही. न्यू जर्सीतल्या मुलीकडे रात्रीची जेवणं उरकून साडेनऊ वाजतात, तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्याकडे सकाळचे सात झालेले असतात. नातवंडं झोपायच्या आधी आजीला बघायचं म्हणतात, आणि आजी त्या वेळी ओट्यापाशी असते. सोबत मुलीच्या सासूबाईही पडद्यावर येतात. सुटीच्या दिवशी मामा चौकातून फोन करतात, "अगं, इथेच आलोय, दहा मिनिटांत पोचतो." दहा मिनिटांत चहाचं आधण ठेवायचं, दिवाणखाना आवरायचा, की कपडे बदलायचे?

यावर उपाय आहे, आणि त्यासाठी घरात नटून बसायची गरज नाही. शिवणकाम जाणणाऱ्या कुणालाही विचारा, कपड्याच्या दिसण्याच्या जागा वेगळ्या असतात आणि सुखाच्या जागा वेगळ्या. कपडा नीटनेटका आहे की गबाळा, हे बघणारा ठरवतो ते गळा, खांद्याची शिवण आणि छातीवरचं कापड यांवरून. अंगाला सुख वाटतं ते पोटाच्या घेरावर, बगलेच्या मोकळीकीवर आणि कापडाच्या पोतावर. या दोन याद्यांमध्ये फारसं काही सामाईक नाही. त्यामुळे वरचे दहा-अकरा इंच मापात बसवले, तर खाली हवं तितकं सैल सोडता येतं.

गाऊन गाऊनसारखा का दिसतो

बाजारातला तयार गाऊन बहुधा 'फ्री साइज' असतो. एकच माप सगळ्यांना बसवायचं, तर ते सगळ्यात रुंद अंगाला धरून कापावं लागतं. छातीचा आणि पोटाचा घेर त्यामुळे मोठा होतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याबरोबर खांदाही रुंद होतो. बाईचा खांदा साडेचौदा इंच असेल आणि गाऊनचा अठरा, तर दोन्ही बाजूंनी पावणेदोन इंच कापड दंडावर उतरतं. बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर बसायच्या ऐवजी खाली लोंबते. बघणाऱ्याला शिवण दिसत नाही, त्याला फक्त 'ढगळ' एवढंच जाणवतं. तोच कपडा खांद्यावर मापात असता, तर पोटावरच्या सैलपणाकडे कुणी लक्षही दिलं नसतं.

दुसरा घोटाळा गळ्याचा. गाऊनला बऱ्याचदा पुढे आणि मागे दोन्हीकडे खोल, रुंद गळा असतो, म्हणजे डोक्यातून घालायला सोपा. दोन्हीकडे खोल असलेला गळा खांद्यावर टिकत नाही. काम करताना तो एका बाजूला घसरतो, आणि चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवायला वाकलं की पुढून उघडा पडतो. ओढणीची गरज खरी इथे निर्माण होते. आणि ओढणी हे फार अवघड पांघरूण आहे. वाकलं की ती सरकते, ओतताना कपात पडते, एक हात कायम तिच्यात अडकून राहतो.

तिसरी गोष्ट पारदर्शकता. स्वस्त गाऊनचं कापड विरळ विणीचं असतं. आरशासमोर ते ठीक वाटतं, कारण तिथे उजेड समोरून येतो. पाहुणे दिवाणखान्यात बसलेले आणि आपण गॅलरीच्या दारात, पाठीमागून ऊन, अशा वेळी मात्र पायांची आकृती दिसते. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. कापडाचा एकच पदर उजेडाकडे धरायचा आणि मागे हात ठेवायचा. बोटं मोजता आली तर त्याला अस्तर लागेल. नुसता हाताचा काळसर आकार दिसला तर गडद रंगात किंवा छापील कापडात ते चालेल.

कापड कोणतं

घरातल्या कपड्याला सुती कापड हवं हे आपण ऐकत आलो आहोत, पण सुतीतही फरक आहेत. मलमल सगळ्यात हलकी आणि मऊ. नागपूरच्या मे महिन्यात तिच्यासारखं सुख नाही, पण एकेरी मलमल आरपार दिसते. पॉपलीन घट्ट विणीचं, टिकाऊ, आकार धरणारं. नवं असताना थोडं कडक लागतं आणि दोन-चार धुण्यांनंतर मऊ पडतं. केंब्रिक या दोघांच्या मधलं. ते पुरेसं झाकतं, घाम टिपतं आणि अंगाला चिकटत नाही. रोजच्या घरच्या कपड्याला बहुतेकांना हेच मानवतं. इस्त्रीचा ज्यांना मनापासून कंटाळा आहे, त्यांनी चुरगळलेल्या पोताचं, म्हणजे क्रिंकल सुती कापड बघावं. त्याच्या सुरकुत्या मुद्दामच विणलेल्या किंवा घातलेल्या असतात, त्यामुळे नव्या पडलेल्या सुरकुत्या उठून दिसत नाहीत.

सध्या तयार कुर्त्यांमध्ये रेयॉन फार दिसतं. त्याची पडण छान, रंग खुलून येतात, हाताला गार लागतं. पण ते भरपूर पाणी पितं आणि सावकाश वाळतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात जाड रेयॉनचा कुर्ता दुसऱ्या दिवशीही दमट लागतो. घामाने ते अंगाला चिकटतं, ओलं असताना कमजोर होतं म्हणून दगडावर घासून धुता येत नाही, आणि सुतीपेक्षा जास्त आटतं. थोडक्यात, रेयॉन बाहेर मिरवायला चांगलं, पण ओट्यापाशी आणि मोरीपाशी वावरणाऱ्या कपड्यासाठी नव्हे.

रंगाबद्दल स्वयंपाकघराचा एक सल्ला ऐकण्यासारखा आहे. हळदीचा डाग साबण लागला की लालसर होतो आणि घाबरवतो, पण उन्हात वाळवला की हळूहळू फिकट होत जातो. तोवर तो फिक्या निळ्यावर किंवा पांढऱ्यावर ओरडून दिसतो आणि मोहरी, विटकरी, मेंदी अशा रंगांत लपून जातो. ज्या बाईचा सकाळचा वेळ फोडणीत जातो, तिने छातीवरच्या भागाला तरी असे रंग निवडावेत.

कॅमेऱ्याला काय दिसतं

पाहुणा आपल्याला डोक्यापासून पायापर्यंत बघतो. कॅमेरा बहुतेक वेळा छातीपर्यंतच बघतो, पण जे बघतो ते त्याच्या स्वतःच्या खोडींसह.

पहिली खोड उजेडाची. फोनचा किंवा लॅपटॉपचा कॅमेरा समोरच्या दृश्यातला एकूण उजेड मोजून स्वतःला जुळवून घेतो. पांढराशुभ्र सदरा घालून बसलं, की चौकटीचा बराच भाग चकचकीत होतो. कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, तो सगळंच काळवंडून टाकतो आणि चेहरा अंधारतो. काळ्याकुट्ट कपड्यात उलटं होतं: कॅमेरा उजेड वाढवतो, चेहरा पांढुरका होतो, आणि खोलीत दिवा मंद असेल तर चित्रात दाणे येतात. म्हणून मधले रंग बरे. निळा, विटकरी, जांभळट, शेवाळी, यांपैकी कुठलाही चालतो. मागच्या भिंतीच्या रंगाचा कपडा मात्र टाळावा. बदामी भिंतीपुढे बदामी कुर्ता घातला, तर नुसतं डोकंच तरंगताना दिसतं.

दुसरी खोड बारीक रेघांची. बारीक उभ्या रेघांचा शर्ट प्रत्यक्षात रुबाबदार दिसतो, पण पडद्यावर त्याच रेघा हलतात, लाटा उठल्यासारख्या चमकतात. कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या बारीक ठिपक्यांची जाळी असते. कापडावरच्या रेघांमधलं अंतर त्या ठिपक्यांच्या अंतराच्या जवळ आलं, की दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्यावर दिसते तशी तिसरीच नक्षी तयार होते. बारीक चौकडीचंही तसंच. इंटरनेट मंद असलं की चित्र आणखी दाबून पाठवलं जातं, मग बारीक फुलाफुलांची नक्षी नुसती गढूळ दिसते. रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून मोठी नक्षी, नाहीतर साधा एकरंगी कपडा, यांना हा त्रास होत नाही.

तिसरी गोष्ट कोनाची. मांडीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा कॅमेरा खालून वर बघतो आणि गळ्याची सैल कड, आतल्या कपड्याची पट्टी हे सगळं आधी टिपतो. हातात धरलेला फोन वरून बघतो, त्याला खोल गळा अधिक खोल दिसतो. दोन्ही कोनांत चालेल असा गळा म्हणजे मानेलगतचा, उभी पट्टी किंवा छोटी कॉलर असलेला. फोनचा पुढचा कॅमेरा उघडून आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या दिव्यात एकदा बसून बघितलं, की आरसा जे सांगत नाही ते कळतं.

एक कपडा मापासह

आता हे सगळं एका कपड्यात बसवून बघू. पन्नाशीच्या एक बाई आहेत असं समजा. उंची पाच फूट दोन इंच, छाती ३८, खांदा साडेचौदा इंच. त्यांना गाऊनच हवा आहे, कारण पायजमा किंवा सलवार त्यांना उकडते. त्यांना गाऊन सोडायला सांगायचं कारण नाही. गाऊनचा वरचा भाग कुर्त्याच्या शिस्तीने शिवून घ्यायचा, खाली गाऊनचं सुख तसंच ठेवायचं.

कापड केंब्रिक, ४४ इंच पन्ह्याचं, तीन मीटर. शिवायला टाकण्याआधी ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं आणि इस्त्री करून मगच शिंप्याकडे द्यायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभरात तीन ते पाच इंच सहज आटतं. ४८ इंच उंचीच्या गाऊनमध्ये हा फरक दोन इंचांच्या आसपास होतो, म्हणजे घोट्याशी असलेली किनार वर सरकते. त्याहून वाईट म्हणजे मापात बसवलेला खांदा आवळला जातो. भिजवताना पाण्याला रंग आला, तर ओला पांढरा रुमाल कापडावर दाबून बघावा. रुमाल रंगला तर ते कापड पुढची काही धुणी वेगळंच धुवावं लागेल.

आता शिंप्याला सांगायच्या गोष्टी. गाऊन दोन भागांत शिवायचा. वर ११ इंचांचा योक, म्हणजे खांद्यापासून छातीच्या खालपर्यंतचा भाग, आणि त्याखाली चुण्या घातलेला घेर. योक दुपदरी: बाहेरून केंब्रिक, आतून मलमल. त्यासाठी पाऊण मीटर मलमल वेगळी घ्यावी लागेल आणि तीही भिजवून. सगळ्या कल्पनेचा कणा हा दुपदरी योकच. छाती झाकायला मग ओढणी लागत नाही, आतली मलमल घाम टिपते, आतल्या शिवणी दोन पदरांच्या मध्ये गेल्यामुळे टोचत नाहीत, आणि व्हिडिओ कॉलच्या चौकटीत येणारा सगळा भाग नेमका हाच असतो. पूर्ण गाऊनला अस्तर लावलं असतं, तर पायांना उगाच उकडलं असतं.

खांदा साडेचौदाच ठेवायचा. शिंपी "घरातलाच आहे ना, एक इंच जास्त धरतो" म्हणेल, तिथे मान्य करायचं नाही. छातीला मात्र ३८वर आठ इंच सैल, म्हणजे तयार ४६. बाहेरच्या बेताच्या कुर्त्याला चार इंच सैल ठेवतात, त्याच्या हे दुप्पट झालं. योकच्या खाली पुढच्या आणि मागच्या भागाला सुमारे तीस-तीस इंच कापड घेऊन त्याच्या चुण्या योकच्या रुंदीत बसवायच्या. जेवणानंतर फुगणारं पोट, मांडी घालून बसणं, जिना चढणं, सगळं या घेरात मावतं.

मुंढ्याबाबत बहुतेकांचा समज उलटा असतो. बगलेत मोकळं वाटावं म्हणून मुंढा खोल कापून घेतात. खोल मुंढ्यामुळे बाही कपड्याला खालच्या बाजूला जोडली जाते, आणि हात वर केला की सगळा कपडाच वर खेचला जातो. मुंढा बगलेच्या जवळच ठेवायचा आणि मोकळीक हवी तर बगलेत छोटी चौकोनी कळी घालायची. जुन्या सदऱ्यांना आणि झब्ब्यांना ती असायचीच. फिटिंग बघताना दोन्ही हात वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखे उंच करायचे. किनार दोन-तीन इंचांपेक्षा जास्त वर गेली, तर मुंढा चुकला आहे.

बाही ११ इंच, कोपराच्या जरा वर संपणारी. पाऊण बाही दिसायला चांगली, पण भांडी घासताना भिजते. बिनबाहीचा गाऊन गारव्याला बरा, पण मग पुन्हा ओढणी आली.

गळा पुढे साडेतीन इंच, मागे दोन इंचांपेक्षा कमी, त्याला पाऊण इंचाची उभी पट्टी, आणि डोकं जाण्यासाठी पुढे सात इंचांची बटणपट्टी. पट्टीत हलकं बकरम हवं. अजिबात नसेल तर पट्टी दोन धुण्यांत मान टाकते, आणि जाड असेल तर गळ्याला टोचते. बटणं दोन-दोन इंचांवर, आणि शेवटचं बटण छातीच्या सगळ्यात भरलेल्या ठिकाणी येईल असं बघायचं, नाहीतर बसल्यावर तिथेच फट पडते. शेवटच्या दोन बटणांच्या मध्ये आतून एक टिचबटण लावलं तर खात्रीच. बाजूच्या शिवणीत उजव्या हाताला खिसा, फोन मावेल एवढा. त्याचं तोंड वरून पुढच्या भागाला टाचून घ्यायचं, म्हणजे फोनच्या वजनाने गाऊन एका बाजूला ओढला जात नाही.

कपडा हातात आला की शिंप्याच्या दुकानातच तीन हालचाली करून बघाव्यात: हात वर, ट्रे ठेवल्यासारखं पुढे वाकणं, आणि स्टुलावर बसणं. हात वर करताना मुंढा कळतो, वाकताना गळा आणि बसताना बटणं. तिन्ही जमलं तर याच मापाचे आणखी दोन शिवायला टाकावेत. नमुना कपडा शिंप्याकडे ठेवला की पुढच्या वेळी माप सांगत बसावं लागत नाही.

पुरुषांचं काय

पुरुषांचा प्रश्न सोपा आहे, पण तो कुणी सोडवत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत सदरा-लेंगा किंवा धोतरावर बंडी हाच वेश घरातला, आणि आलेल्या माणसापुढे बसायचाही तोच. बनियन आतच राहायचं. आता बनियन बाहेर आलं आहे आणि त्यावर चढवायला हाताशी काही नाही.

होजिअरीचा टी-शर्ट घ्यायचा तर दोन जागा बघाव्यात. कापडाचं वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम, यावरून सांगतात. १४०-१५० ग्रॅमचा टी-शर्ट हलका असतो, पण बनियनची कड आणि पोटाची गोलाई दोन्ही दाखवतो. १८०च्या आसपासचा अंगावर नीट पडतो. लेबलवर हा आकडा नसेल, तर मघाची हाताची परीक्षा करावी. दुसरी जागा गळ्याची जाळीदार लवचीक पट्टी. ती ताणून सोडली की लगेच मूळ जागी यायला हवी. आतून मानेमागे एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत कापडी पट्टी शिवलेली असेल तर गळा आणि खांदा जास्त दिवस टिकतात. पॉलिस्टर मिसळलेला टी-शर्ट लवकर वाळतो, पण त्यावर उठलेले गोळे सुटून जात नाहीत. धागा मजबूत असल्यामुळे ते चिकटूनच राहतात. शुद्ध सुतीवरचे गोळे कालांतराने झडतात.

याहून चांगला पर्याय विणलेल्या सुती कापडाचा अर्ध्या बाहीचा आखूड कुर्ता. उभ्या पट्टीचा गळा, दोन-तीन बटणं आणि दोन खिसे असले की पुरे. खाली नाडीचा सुती पायजमा. बर्मुडा घालून वर शर्ट चढवायची युक्ती माणूस बसलेला आहे तोवरच चालते. चार्जर आणायला उठला की कॅमेरा नेमका कमरेखालचं दाखवतो. टी-शर्ट सोडायचा नसेल, तर खुंटीवर एक बंडी टांगून ठेवावी. बाह्या नसल्यामुळे ती पाच सेकंदांत चढते आणि टी-शर्टचा ओघळलेला खांदा झाकते. गळा मात्र झाकत नाही. तो विटका असेल तर बंडीही काही करू शकत नाही.

धुण्यात बिघडतं, वाळवण्यात सुधारतं

चांगला शिवलेला कपडा गबाळा दिसू लागतो, त्यात वापरापेक्षा वाळत घालण्याचा वाटा मोठा. विणलेला सुती कुर्ता किंवा गाऊन यंत्रातून काढल्यावर तसाच ठेवला, तर घड्या त्याच जागी बसतात. तो लगेच काढून जोरात झटकायचा, गळ्याची आणि बटणांची पट्टी हाताने ओढून सरळ करायची आणि ओला असतानाच हँगरवर टांगायचा. पाण्याच्या वजनाने कापड खाली ओढलं जातं आणि बऱ्याच सुरकुत्या आपोआप जातात. मग उरते ती फक्त पट्टीची इस्त्री, तीही दोन मिनिटांची.

होजिअरीला नेमकं उलटं लागतं. ओला टी-शर्ट हँगरवर टांगला तर तेच वजन त्याला लांब करतं, आणि खांद्यावर हँगरची दोन टोकं उमटतात. गळ्याला चिमटा लावला तर गळा ओघळतो. तो दोरीवर मधोमध दुमडून टाकावा, किंवा खालच्या शिवणीला चिमटे लावून उलटा टांगावा. दोघांनाही उलटं करून सावलीत वाळवलं, तर रंग टिकतो. हळदीचा डाग असेल तेव्हा तेवढ्यापुरतं ऊन द्यावं.

एक सवय बदलली तर अर्धं काम होतं: झोपायचे कपडे आणि दिवसाचे घरचे कपडे वेगळे ठेवायचे. रात्रभर अंगाखाली दाबून चुरगळलेला कपडा सकाळी सात वाजता कितीही उत्तम शिवणीचा असला तरी झोपेतून उठल्यासारखाच दिसणार. माणशी दिवसाचे चार आणि झोपायचे दोन एवढ्यात भागतं. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो म्हणून दिवसाचा एखादा वाढवावा.

आणि कपडा निवृत्त कधी करायचा, हेही त्याच जागा सांगतात. पोटावर डाग पडला, घेर विटला तर तो आणखी वर्षभर चालू द्यावा. गळ्याची पट्टी फुटली, योकमधून आतला पदर दिसू लागला किंवा खांदा ताणला गेला, की त्याला दिवसपाळीतून काढून झोपायच्या कपड्यांत टाकायचं, तिथून पुढे फरशी पुसायला. कपाटातल्या बाहेरच्या कपड्यांनी मात्र त्याची जागा घ्यायची नाही. तिथे आणखी तीन मीटर केंब्रिक लागेल आणि शिंप्याकडे ठेवलेला तो नमुना.